प्रॉम्प्ट वाचू नकोस, उत्तर दे: डायरी स्टडीच्या प्रॉम्प्टवर वर्गमैत्रिणीचा अभिप्राय कसा मागायचा

डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हा चौघांच्या गटाला एक असाइनमेंट होती. रात्रीच्या जेवणानंतर घरात जे अन्न उरतं त्याचं पुढे काय होतं ते समजून घ्यायचं आणि त्यावरून एखादी वस्तू सुचवायची. आम्ही डायरी स्टडी करायचं ठरवलं. पुण्यातली आठ घरं, सात दिवस आणि रोज रात्री व्हॉट्सॲपवर एक छोटा प्रश्न किंवा एक छोटं काम. माणसाला बोलतं करणाऱ्या अशा प्रश्नाला आमच्याकडे प्रॉम्प्ट म्हणतात. या लेखात प्रॉम्प्ट हा शब्द त्याच अर्थाने येतो.

प्रॉम्प्ट लिहून झाल्यावर मी दुसऱ्या गटातल्या एका मैत्रिणीला मेसेज टाकला: "अगं, आमचे प्रॉम्प्ट बघ ना जरा. कसे वाटतात सांग." पाच मिनिटांत उत्तर आलं: "मस्त आहेत गं, एकदम क्लिअर." आम्ही निर्धास्त झालो आणि तेच प्रॉम्प्ट आठही घरांना पाठवले. तिसऱ्या रात्रीपासून उत्तरं येऊ लागली ती अशी: "आज काही नाही." "कालच्यासारखंच." "सगळं संपलं." एका काकूंनी तर फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. पाचव्या दिवशी आम्ही स्टडी थांबवली आणि सगळ्यांची माफी मागून प्रॉम्प्ट नव्याने लिहायला बसलो.

त्यात मैत्रिणीची चूक नव्हती. मी तिला मत विचारलं होतं, तिने मत दिलं. प्रॉम्प्ट वाचून बघणाऱ्याला तो नेहमी स्पष्टच वाटतो. तो कुठे अडतो ते फक्त उत्तर देणाऱ्याला कळतं. दुसऱ्या वेळी मी तिला वेगळा मेसेज लिहिला आणि तिच्याकडून जे मिळालं त्याने आमची स्टडी सावरली. तो मेसेज कसा तयार झाला ते इथे क्रमाने लिहिते आहे.

## मेसेज लिहायच्या आधी हाताशी काय हवं

- तुमच्या स्टडीचा मुख्य प्रश्न, एका वाक्यात. आमचा होता: "उरलेलं अन्न ठेवायचं, द्यायचं की टाकायचं हे घरात कोण, केव्हा आणि कशावरून ठरवतं?"
- सगळे प्रॉम्प्ट, क्रमांक घालून. सहभागी लोकांना ज्या भाषेत जाणार त्याच भाषेत.
- प्रत्येक प्रॉम्प्ट कशासाठी आहे याची एकेक ओळ. ही यादी वेगळ्या पानावर असू द्या. वेगळी का, ते तिसऱ्या पायरीत सांगते.
- सहभागी लोकांना पहिल्या दिवशी जाणारा ओळखीचा आणि संमतीचा मेसेज.
- दुसऱ्या गटातल्या कुणाला दाखवलं तर चालेल का, याला शिक्षकांचा होकार. बहुतेक शिक्षक हो म्हणतात, पण तो आधी विचारून ठेवावा. नंतर दोन्ही गटांच्या कामात सारखेपणा दिसला तर त्या होकाराचा उपयोग होतो.

## १. माणूस निवडा

आपल्याच गटातलं कुणी इथे चालत नाही. आम्ही चौघं दोन आठवडे त्याच विषयावर बोलत होतो. त्यामुळे अर्धवट वाक्य वाचलं तरी उरलेला अर्थ आमच्या डोक्यात आपोआप भरला जायचा. हवी अशी व्यक्ती जिने तुमची एकही चर्चा ऐकलेली नाही, पण जिला वर्गात शिकवलेलं सगळं माहीत आहे.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या विषयातली गोष्ट त्या व्यक्तीच्या रोजच्या जगण्यात घडत असली पाहिजे. माझी मैत्रीण दोन मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि रात्रीचा स्वयंपाक तिघी आळीपाळीने करतात. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या मित्राला मी हेच विचारलं असतं तर त्याला उत्तरं कल्पनेने द्यावी लागली असती आणि कल्पनेतली उत्तरं नेहमी छान जुळतात. गटातल्या इतरांना वाटत होतं की तीन-चार जणांना विचारावं. मला तसं वाटत नाही. पहिल्या फेरीत एकीचीच उत्तरं नीट वाचा. मोठे दोष पहिल्याच माणसाकडून बाहेर येतात. ते दुरुस्त करून मग दुसऱ्याकडे जा.

## २. जे पाठवणार तेच दाखवा, त्याच भाषेत

आम्ही पहिले प्रॉम्प्ट इंग्रजीत लिहिले होते. वर्गात चर्चा इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत, म्हणून तसंच सुचत गेलं. मैत्रिणीलाही मी इंग्रजी यादीच पाठवली होती. आठपैकी सहा घरांना मात्र मराठी भाषांतर गेलं आणि ते गटातल्या एकाने रात्री बसून केलं होतं. म्हणजे तपासले ते प्रॉम्प्ट वेगळे आणि लोकांपर्यंत पोचले ते वेगळे.

मराठीत हा विषय शब्दागणिक बदलतो. "उरलेलं" म्हटलं की काकूंच्या डोळ्यांसमोर झाकून ठेवलेलं पातेलं येतं. "शिळं" म्हटलं की त्या लगेच म्हणतात, "आमच्याकडे शिळं कुणी खात नाही." त्याच घरात सकाळी फोडणीची पोळी होते, आणि ती पोळी त्यांच्या लेखी शिळी नसते. "वाया गेलेलं" म्हटलं की तो थेट सुगरणपणावर ठपका होतो. आमच्या भाषांतरात हे तीनही शब्द आलटून पालटून आले होते. भाषांतर करणाऱ्याला ते एकाच अर्थाचे वाटले होते.

म्हणून प्रॉम्प्ट मराठीतच लिहा आणि मराठीतच दाखवा. दिसण्याचंही तसंच. लोकांना व्हॉट्सॲपवर जाणार असतील तर मैत्रिणीलाही व्हॉट्सॲपवरच, एकेक करून पाठवा. कागदावर एकाखाली एक सात प्रॉम्प्ट वाचताना पुढचा आधीच्याचा अर्थ उलगडत जातो. रात्री एकट्या आलेल्या प्रॉम्प्टला स्वतःच्याच बळावर उभं राहावं लागतं.

## ३. "कशासाठी" ही यादी लिहा, पण अजून पाठवू नका

प्रत्येक प्रॉम्प्टसमोर तो का आहे ते लिहिताना आमचे दोन प्रॉम्प्ट तिथेच गळले, कारण समोर लिहायला काही सुचेना. एवढ्यासाठी तरी ही यादी करावी.

पण ती यादी पहिल्या मेसेजबरोबर पाठवली की तपासणी फुकट जाते. "हा प्रॉम्प्ट निर्णय कोण घेतं ते कळण्यासाठी" असं मैत्रिणीने आधी वाचलं, तर ती उत्तरात निर्णयाबद्दलच लिहील, प्रॉम्प्टमध्ये त्याचा मागमूस नसला तरीही. सहभागी काकूंना तुमचा हेतू माहीत नसतो, त्यांच्याकडे फक्त शब्द असतात. मैत्रिणीलाही आधी फक्त शब्दच द्या. हेतू दुसऱ्या मेसेजमध्ये सांगायचा, तिची उत्तरं हातात आल्यावर.

यामुळे अभिप्राय मागणं दोन टप्प्यांचं होतं. पहिल्यात ती सहभागी असते, दुसऱ्यात वर्गमैत्रीण. हे दोन टप्पे एकत्र केले की पहिला हरवतो.

## ४. पहिला मेसेज

मी दुसऱ्या वेळी पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते:

> अगं, एक मदत हवी आहे. आमच्या गटाची रात्रीच्या जेवणाबद्दल डायरी स्टडी आहे. मागच्या वेळी तुला प्रॉम्प्ट "कसे वाटतात" विचारलं होतं, या वेळी वेगळं मागते. तू आमची सहभागी होशील का?
>
> आजपासून तीन रात्री तुला रोज एक किंवा दोन प्रॉम्प्ट पाठवीन. तुझ्या घरात त्या रात्री खरंच जे झालं तेच लिही. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नकोस. प्रॉम्प्ट चांगला आहे का वाईट, याचा विचार नको करूस.
>
> दोनच गोष्टी वेगळ्या कर. जिथे वाचताना थांबलीस किंवा दोनदा वाचावं लागलं तिथे उत्तरात चांदणी टाक. आणि एखादी गोष्ट लिहिता लिहिता गाळलीस तर "गाळलं" एवढंच लिही, काय ते सांगू नकोस.
>
> फोटोत कुणाचा चेहरा नको. उत्तरं आमच्या गटातले चौघंच वाचतील आणि काम झाल्यावर मी ती काढून टाकीन. आमचे प्रॉम्प्ट रविवारी लोकांना जाणार आहेत, म्हणून शनिवारी दुपारी अर्धा तास फोनवर बोलू. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसऱ्या कुणाला विचारते.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. "रात्रीच्या जेवणाबद्दल" एवढंच सांगितलं आहे, उरलेल्या अन्नाचं नाव घेतलेलं नाही. तसं नाव घेतलं असतं तर तिने त्या तीन दिवसांत मोजूनमापून कणीक भिजवली असती. खरी स्टडी चालू असताना हाच धोका आठही घरांत असतो.

"गाळलं" ही खूण मला सर्वात कामाची वाटली. माणूस उत्तरात काय लिहितो ते आपल्याला दिसतं. काय लिहावंसं वाटून लिहिलं नाही ते कधीच दिसत नाही. मैत्रिणीने तीन रात्रींत दोनदा "गाळलं" लिहिलं आणि दोन्ही वेळा एकाच प्रॉम्प्टखाली. तो प्रॉम्प्ट काहीतरी झाकायला लावतो आहे, हे तेवढ्यावरून कळलं. तिने काय झाकलं ते मला आजही माहीत नाही आणि ते कळण्याची गरजही पडली नाही.

वेळही स्पष्ट सांगा: रोज किती मिनिटं, एकूण किती दिवस, शेवटचं बोलणं कधी. सबमिशनच्या आदल्या रात्री अकराला पाठवलेल्या यादीला "मस्त आहेत" याखेरीज दुसरं उत्तर येणं कठीण असतं, कारण तेव्हा ती स्वतःच्या सबमिशनमध्ये असते.

## ५. उत्तरं वाचा, एकेक करून

हे काम निवांत करा. सर्वेक्षणाच्या अभ्यासात उत्तर देण्याच्या चार पायऱ्या मानतात. माणूस आधी प्रश्न समजून घेतो, मग आठवतो, मग कोणतं उत्तर योग्य ते ठरवतो आणि शेवटी ते आपल्या शब्दांत बसवतो. रॉजर तुरांजो यांनी 1984 मध्ये ही मांडणी केली. आम्ही मैत्रिणीचं प्रत्येक उत्तर घेऊन अडखळणं कोणत्या पायरीवर झालं ते शोधलं.

पहिला जुना प्रॉम्प्ट होता: "आज तुमच्या घरी किती अन्न वाया गेलं?" तिचं उत्तर: "काहीच नाही. थोडा भात होता तो फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी फोडणीचा करू. दोन पोळ्या खालच्या वॉचमन काकांच्या कुत्र्याला दिल्या. आमटी फार थोडी होती, ती गेली."

आकडा विचारला होता, तो शून्य आला. पण त्या शून्यामागे आम्हाला हवं असलेलं सगळं होतं: काय ठेवलं, काय दिलं, काय टाकलं. आमटी तर सरळ मोरीत गेली होती, तरी तिच्या लेखी ते "वाया जाणं" नव्हतं, कारण ती "फार थोडी" होती. ही अडचण पहिल्याच पायरीवरची. "वाया" या शब्दाचा प्रत्येक घरात वेगळा अर्थ आहे. मैत्रीण बोलकी असल्याने तिने पुढची तीन वाक्यं लिहिली. आमच्या आठ घरांनी फक्त पहिलं वाक्य लिहिलं होतं.

दुसरा: "उरलेल्या अन्नाकडे पाहून तुम्हाला कसं वाटतं?" तिने लिहिलं, "वाईट वाटतं," आणि खाली "गाळलं." दुसऱ्या रात्री तोच प्रॉम्प्ट मी मुद्दाम पुन्हा पाठवला. उत्तर तेच, खूणही तीच. इथे समजण्यात अडचण नाही, ती आहे योग्य उत्तर ठरवण्यात. अन्न टाकणं पाप, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या प्रश्नाला शोभेल असं उत्तर एकच आहे आणि सगळे तेच देतात. सात रात्री विचारला तर सातही रात्री तेच येणार.

तिसरा: "तुमच्या फ्रिजचा फोटो पाठवा." फोटो आला. त्यात झाकणं लावलेले पाच स्टीलचे डबे आणि एक दुधाचं पातेलं. कोणत्या डब्यात काय, ते देवच जाणे. आणि दाराच्या कप्प्यात तिच्या मैत्रिणीची औषधं, नावासकट. आम्हाला त्या फोटोतून हवं ते काहीच मिळालं नाही आणि नको ते मिळालं. खऱ्या स्टडीत कुणाच्या तरी इन्सुलिनचा फोटो आमच्या प्रेझेंटेशनपर्यंत जाऊ शकला असता. फोनवर ती असंही म्हणाली की फोटो काढण्याआधी तिने वरचा कप्पा पुसून घेतला होता.

चौथा: "आज स्वयंपाक जास्त का झाला आणि उरलेल्याचं काय करणार?" इथे तिने चांदणी टाकली होती आणि फक्त दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर दिलं होतं. एका वाक्यात दोन प्रश्न असले की माणूस सोपा असेल तो उचलतो. शिवाय स्वयंपाक जास्त झाला हे आम्ही आधीच गृहीत धरलं होतं. त्या रात्री त्यांच्याकडे स्वयंपाक कमी पडला होता आणि भात संपल्यावर तिने पोहे केले होते. ते लिहायला प्रॉम्प्टमध्ये जागाच नव्हती.

उत्तरांपलीकडची एक गोष्ट वेळेवरून कळली. मी प्रॉम्प्ट साडेआठला पाठवत होते, तिची उत्तरं सव्वादहाच्या पुढे येत होती. साडेआठला कुकर लागलेला असायचा. काय उरलं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या काकूंनी मात्र प्रॉम्प्ट आला तशी लगेच उत्तरं दिली होती, म्हणजे जेवणाच्या आधीच. "सगळं संपलं" हे त्यांनी अंदाजाने लिहिलं होतं हे तेव्हा लक्षात आलं.

## ६. दुसरा मेसेज

आता हेतू सांगायचा आणि मोजके, नेमके प्रश्न विचारायचे:

> तीनही रात्री उत्तरं दिलीस, खूप मदत झाली. आता सांगते, आमचा विषय उरलेल्या अन्नाचा आहे. ठेवायचं, द्यायचं की टाकायचं हे घरात कोण आणि कशावरून ठरवतं, ते आम्हाला हवं आहे. सोबत एक डॉक्युमेंट पाठवते आहे. त्यात प्रत्येक प्रॉम्प्ट, तो कशासाठी होता, आणि तुझं उत्तर वाचून आम्ही केलेला बदल असे तीन कप्पे आहेत.
>
> तीन गोष्टी सांग. पहिली, बदललेल्या प्रॉम्प्टला तू त्या रात्री काय उत्तर दिलं असतंस? दुसरी, तुझ्या घरात या बाबतीत घडणारी अशी कोणती गोष्ट आहे जी यातल्या एकाही प्रॉम्प्टने बाहेर येणार नाही? तिसरी, तुझ्या आईला हे सात दिवस पाठवले तर ती कितव्या दिवशी कंटाळेल आणि कशाने?
>
> शब्द, शुद्धलेखन, मांडणी आम्ही बघतो, त्यात वेळ घालवू नकोस.

शेवटची ओळ जरूर लिहा. ती नसेल तर अभिप्राय देणारा माणूस स्वल्पविराम दुरुस्त करत बसतो, कारण ते सोपं असतं आणि मदत केल्यासारखंही वाटतं.

गूगल डॉक्समधलं हे डॉक्युमेंट पाठवताना `Share` मध्ये जाऊन `General access` खाली `Anyone with the link` निवडा आणि शेजारी `Viewer` ऐवजी `Commenter` ठेवा. `Editor` ठेवलं तर चुकून मूळ वाक्य बदलतं आणि लोकांना नेमकं काय गेलं होतं याची नोंद राहत नाही. `Viewer` ठेवलं तर ती परवानगी मागते आणि तुम्ही लेक्चरमध्ये असता. दुसरी खबरदारी अशी की खऱ्या सहभागी घरांची उत्तरं किंवा फोटो या डॉक्युमेंटमध्ये असता कामा नयेत. त्यांनी संमती तुमच्या गटाला दिलेली असते, संपूर्ण वर्गाला दिलेली नसते.

## ७. काय घ्यायचं, काय नाही

मैत्रिणीच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने आमचा विषयच सरकला. ती म्हणाली, "आमच्याकडे रात्री कुणीच ठरवत नाही. रात्री सगळं ठेवलंच जातं. तिसऱ्या दिवशी वास आला की जी पहिली फ्रिज उघडेल ती टाकते." आमचे सगळे प्रॉम्प्ट रात्रीचे होते. निर्णय होत होता दोन-तीन दिवसांनी, सकाळी, फ्रिजच्या दारात. तो आमच्या चौकटीतच नव्हता.

यावरून आम्ही प्रॉम्प्टच्या जोड्या केल्या. रात्री डबा दाखवायचा, पुढे त्याच डब्याचं काय झालं ते विचारायचं. बदललेले प्रॉम्प्ट असे झाले:

> रात्री: ओटा आवरून झाला की, आज जे झाकून ठेवलं त्याचा ओट्यावरच झाकण काढून एक फोटो पाठवा. काहीच ठेवलं नसेल तर मोकळ्या ओट्याचा पाठवा.
>
> दुसऱ्या दिवशी दुपारी: काल रात्रीच्या फोटोतल्या पदार्थांचं आत्तापर्यंत काय काय झालं? (कुणी खाल्लं, कशात घातलं, कुणाला दिलं, अजून आहे, काढून टाकलं. जे असेल ते.)
>
> चौथ्या दिवशी सकाळी: आत्ता फ्रिज उघडून सर्वात जुना डबा बाहेर काढा. तो कोणी ठेवला होता आणि आत्तापर्यंत का राहिला, ते बोलून सांगा. व्हॉइस मेसेज चालेल.

"वाया" आणि "शिळं" दोन्ही शब्द गेले. "काढून टाकलं" हा पर्याय पाचातला एक म्हणून शेवटी येतो, त्यामुळे तो सांगताना कुणाला अपराधी वाटत नाही. रिकाम्या ओट्याचा फोटो मागितल्यामुळे "आज काही नाही" असं लिहून सुटका होत नाही. साडेआठची वेळ गेली. आम्ही मेसेज नऊला पाठवायचो, पण काम "ओटा आवरून झाला की" या क्षणाला बांधलेलं होतं. प्रत्येक घराचा तो क्षण वेगळा असतो, पण तो प्रत्येक घरात येतोच.

तिची एक सूचना मात्र आम्ही घेतली नाही. ती म्हणाली, लोकांना उरलेल्याचं वजन करायला सांगा, म्हणजे आकडे मिळतील. आठपैकी किती स्वयंपाकघरांत वजनकाटा असेल? आणि असला तरी रात्री दहाला पातेल्यासकट वजन, मग रिकाम्या पातेल्याचं वजन, हे दुसऱ्या दिवशीच बंद पडलं असतं. आमच्या मुख्य प्रश्नाला ग्रॅम लागतच नव्हते. त्यातूनच सुचलं म्हणून आम्ही संमतीच्या मेसेजमध्ये एक ओळ घातली: प्रमाण सांगायचं झालं तर तुमच्या घरच्या मापात सांगा, वाटी, डाव, पोळ्या, काहीही. "अर्धी वाटी वरण, दीड पोळी" हे आम्हा सगळ्यांना कळतं.

नाकारलेली सूचनाही कारणासकट लिहून ठेवा. आमच्या प्रोसेस बुकमध्ये त्या पानावर शिक्षकांनी सर्वात जास्त प्रश्न विचारले.

## अडकायच्या जागा

"अजून काही सुचतंय का?" हा प्रश्न शेवटी विचारला की नवे प्रॉम्प्ट मिळतात. आमच्याकडे चार आणखी आले, सगळे चांगले. ते घेतले असते तर रोजचे दोन झाले असते तीन. डायरी स्टडीत लोक गळतात ते ओझ्याने. एक नवा घ्यायचा तर एक जुना काढायचा, असा नियम आम्ही केला आणि चारपैकी एकच घेतला.

प्रॉम्प्टचा प्रकार न सांगणं. सगळे प्रॉम्प्ट एका जातीचे नसतात. बिल गेव्हर, टोनी डन आणि एलेना पाचेंती यांनी 1999 मध्ये मांडलेल्या कल्चरल प्रोब्जमध्ये ज्येष्ठ नागरिकांना पोस्टकार्डं, नकाशे आणि वापरून टाकायचा कॅमेरा दिला होता. कॅमेऱ्यामागे काढायच्या फोटोंची यादी होती आणि त्यात एखाद्या कंटाळवाण्या गोष्टीचा फोटो काढा अशी कामंही होती. ते प्रॉम्प्ट मुद्दाम मोकळे, थोडे गूढ ठेवले होते, कारण डिझायनरला त्यातून माहिती गोळा करायची नव्हती, प्रेरणा घ्यायची होती. तुमचे प्रॉम्प्ट तसे असतील तर "मला नीट कळलं नाही" हा अभिप्राय दोष ठरत नाही. आमचे तसे नव्हते. दुसऱ्या मेसेजमध्ये हेतूबरोबर हेही एका वाक्यात सांगा, नाहीतर ती वेगळ्याच मापाने मोजेल.

उपवास आणि पाहुणे. आमच्या पहिल्या फेरीत संकष्टी आली. दोन घरांत रात्री साबुदाण्याची खिचडी होती, एका घरात चंद्रोदयानंतर अकराला जेवण. मैत्रिणीच्या तीन रात्रींत असं काही आलंच नाही, म्हणून तिच्याकडून ते कळणं शक्य नव्हतं. स्टडीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा आणि असा दिवस ठेवायचा की टाळायचा ते गटाने ठरवा. आम्ही दुसऱ्या फेरीतही ठेवला. खिचडी उरली की ती दुसऱ्या दिवशी कुणाला नको असते, हे त्यातूनच समजलं.

सांगून मग न कळवणं. प्रॉम्प्ट पाठवून झाले की मैत्रिणीला तिसरा, छोटा मेसेज करा: काय बदललं, काय नाही आणि का. मी केला होता तो एवढाच:

> वजनाचं घेतलं नाही, काटा बहुतेकांकडे नाही म्हणून. तिसऱ्या दिवसाच्या वासाचं घेतलं, चौथ्या सकाळचा प्रॉम्प्ट त्यावरूनच आला आहे. आज पहिल्या घरातून व्हॉइस मेसेज आला. काकू चार मिनिटं एका डब्याबद्दल बोलल्या आहेत, त्यांच्या सासूबाईंनी ठेवलेल्या. प्रोसेस बुकमध्ये तुझं नाव आभारात घालू का, का नुसतं "वर्गमैत्रीण" लिहू? आणि तुमच्या गटाचे प्रश्न तयार झाले की पाठव, मी तीन रात्री उत्तरं देते.